पंच्याहत्तर हजारांचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची व्याख्यानमाला जानेवारीत होते. तीन संध्याकाळी, तीन वक्ते, शाळेच्या पटांगणात मांडव. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. आपल्याकडच्या गावोगावच्या व्याख्यानमाला म्हणजे तिचीच नातवंडं-पतवंडं. आमची तशी तरुण आहे. दरवर्षी चाळीसेक हजारांत आम्ही ती भागवत आलो. २०२४ साली मात्र एका बेदाणा व्यापाऱ्यांनी, ज्यांना गाव अण्णा म्हणतं, वडिलांच्या नावानं पंच्याहत्तर हजार रुपये दिले. मी वाचनालयाची कार्यवाह, त्यामुळे आभारपत्र आणि पुढचा अहवाल माझ्याकडे आला.

आभार आणि अहवाल ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी आधीच्या कार्यवाहांकडून शिकले होते. आभाराचं पत्र समारोपानंतर चार दिवसांत गेलं पाहिजे, आणि त्यात आकडे नसले तरी चालतं. अहवाल सावकाश, सगळी बिलं हातात आल्यावर. दोन्ही एकत्र करायला गेलं की मांडववाल्याच्या बिलासाठी पत्र अडतं आणि देणगीदाराला महिनाभर वाटत राहतं, की पैसे गेले आणि कुणी विचारलंसुद्धा नाही.

पत्राचा मजकूर ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला, तो डिसेंबरातच उभा राहिला होता. अण्णांच्या मुलानं फ्लेक्सचा मजकूर पाठवला: पेढीचं नाव, दोन मोबाइल नंबर आणि खाली ‘उत्तम प्रतीचा बेदाणा योग्य दरात’. अण्णांना मात्र पैसे देणगी म्हणून द्यायचे होते, आणि आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती हवी होती. या दोन गोष्टी एका फलकावर नांदत नाहीत. जीएसटीबाबत ऑक्टोबर २०१९ मध्ये एक परिपत्रक निघालं आहे, क्रमांक ११६. धर्मादाय संस्थेनं देणगीदाराचं नाव केवळ कृतज्ञता म्हणून लावलं, त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर ती सेवा ठरत नाही आणि त्यावर कर लागत नाही, असं ते सांगतं. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीचा फलक हे त्यातलं एक उदाहरणच आहे. पण फलकावर ‘योग्य दरात’ आलं की ती देणगी राहत नाही, जाहिरातीचा मोबदला होतो. आमची वार्षिक जमा इतकी तुटपुंजी, की जीएसटी नोंदणीची वेळ आमच्यावर तशीही येत नाही. अडचण पावतीची होती. जाहिरातीच्या पैशावर ८०जीची पावती फाडली असती तर ती खोटी ठरली असती.

मी पेढीवर जाऊन हे सांगितलं. मुलगा नाराज झाला, त्यात त्याचं काही चूक नव्हतं. गावात तीन दिवस हजारभर डोळ्यांपुढे फलक राहणार होता. शेवटी तोडगा निघाला तो असा: मांडवातल्या फलकावर फक्त ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, आणि निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या पानावर पेढीची जाहिरात, तिचे दोन हजार रुपये वेगळे, पावती वेगळी, पुस्तकही वेगळं. देणगीची रक्कम बँकेतून बँकेत आली. रोखीनं दोन हजारांच्या वर घेतलं तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. आणखी एक गोष्ट मी अण्णांना त्यांच्या सीएंना विचारून घ्यायला सांगितली: नव्या करप्रणालीत जाणाऱ्या व्यक्तीला ८०जीचा फायदाच नसतो. ते जुन्या प्रणालीत होते, म्हणून प्रश्न मिटला. हे देणगीदाराला आधी सांगणं आपलं काम आहे असं मला वाटतं. मार्च संपल्यावर त्याला दुसऱ्याकडून कळलं तर पुढच्या वर्षी आपण त्या दारात जाऊ शकत नाही.

म्हणून आभारपत्रात मी ‘प्रायोजक’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. ‘आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीबद्दल’ असं लिहिलं. सोबत पावतीची प्रत, आणि दुसऱ्या दिवसाच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं वक्त्या डॉक्टरबाईंना विचारलेला प्रश्न, जसाच्या तसा. तो प्रश्न रक्ताच्या कमतरतेबद्दल होता: गोळ्या शाळेत देतात, पण त्या घेतल्या की मळमळतं, मग रिकाम्या पोटी घ्यायच्या की जेवून? डॉक्टरबाईंनी तिला पाच मिनिटं दिली. पत्र एका पानाचं होतं. शाल-श्रीफळाला अण्णांनी आधीच नकार दिला होता, तेही बरं झालं. आमच्याकडे सत्कारातच अर्धा तास जातो आणि वक्ता घड्याळ बघत बसतो.

अहवाल लिहायला बसले ते फेब्रुवारीच्या मध्यावर. पहिला मसुदा सहकाऱ्यांनी केला होता आणि तो बरा दिसत होता: तीन व्याख्यानं झाली, उदंड प्रतिसाद मिळाला, आपल्या दातृत्वामुळे हे शक्य झालं. पण व्याख्यानमाला तर अण्णांच्या पैशाशिवायही होतच होती. मांडव, खुर्च्या, चहा, दोन वक्त्यांचा प्रवासखर्च हे सगळं वाचनालयाच्या चाळीस हजारांतून निघालं होतं. मग त्यांच्या पंच्याहत्तर हजारांनी नेमकं काय झालं? त्यांच्याविना जे झालंच असतं ते अहवालातून बाहेर काढायचं, असं मी ठरवलं. बाहेर काढल्यावर पाच गोष्टी उरल्या: वाड्यावस्त्यांवरच्या गाड्या, ध्वनियंत्रणा, पुण्याहून येणाऱ्या वक्त्यांचं मानधन आणि प्रवास, पुस्तकं, आणि चित्रीकरण.

गाड्यांचं आधी सांगते, कारण खरा फरक तिथे पडला. आमच्याकडे वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी साडेसातला सुटते आणि व्याख्यान सुरू होतं सातला. म्हणजे मोटरसायकल असलेले पुरुष येणार, बाया घरी. वर्षानुवर्षं आम्ही महिलांची उपस्थिती कमी म्हणून हळहळत होतो आणि वेळापत्रक मात्र तेच ठेवत होतो. या वेळी चार वाड्यांसाठी चार वडापच्या जिपा तिन्ही रात्री ठरवल्या, जाऊन-येऊन रात्रीचे पंधराशे रुपये जिपेला. चालकांना एक साधी चिठ्ठी दिली होती: तारीख, वाडीचं नाव, चढलेली माणसं, परत उतरलेली माणसं, सही. परतीचा आकडा जाण्याच्या आकड्याशी जुळला पाहिजे, ही अट हिशेबासाठी कमी आणि आमच्या झोपेसाठी जास्त होती.

पहिल्या रात्री ३१ जणी आल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचं व्याख्यान होतं, आणि दुपारीच एका वाडीवरून निरोप आला, की एका जिपेत मावणार नाही. पाचवी जीप सांगितली. ती मंजूर खर्चात नव्हती, म्हणून आधी अण्णांना फोन केला. “बाई, जिपेचं काय विचारताय, पाठवा,” एवढंच ते म्हणाले. पण विचारलं होतं आणि वहीत तारीख-वेळ टिपली होती, त्यामुळे अहवालात त्या ओळीपुढे ‘देणगीदारांच्या तोंडी संमतीने’ असं लिहिता आलं. त्या रात्री ४८, तिसऱ्या रात्री ३७. बेरीज ११६.

आता हा ११६ अहवालात कसा लिहायचा? ‘११६ महिलांना लाभ’ असं सरळ ठोकून देण्याचा मोह होतो, आणि बहुतेक अहवाल तसेच लिहिलेले असतात. पण तिन्ही रात्री आलेली बाई या बेरजेत तीनदा मोजली गेली आहे. चिठ्ठीवर नावं नव्हती, ती आम्ही मुद्दामच घेतली नव्हती. म्हणून लिहिलं: तीन रात्रींत मिळून ११६ वेळा, सर्वांत जास्त गर्दीच्या रात्री ४८ जणी. पुढे आणखी एक वाक्य घातलं, की सर्वांत जवळच्या वाडीवरच्या काही जणी आधीही नातलगांच्या गाडीवर येत असत, त्यामुळे सगळाच आकडा नवा नाही. एका समिती सदस्यांना हे वाक्य खुपलं. “कशाला आपणच आपलं कमी करून सांगायचं?” मी त्यांना म्हटलं, त्या वाडीत अण्णांची द्राक्षबाग आहे, तिथल्या बायका त्यांच्या बागेत कामाला असतात, कोण कशानं येतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मांडवातली एकूण उपस्थिती मोजायला आमच्या ग्रंथपालांची एक सोपी रीत आहे. खुर्च्या भाड्याच्या, मांडववाल्याच्या बिलावर त्यांची संख्या असते. आमच्या ३०० होत्या. शाळेच्या व्हरांड्याच्या एकाच पायरीवरून, सव्वासातला आणि आठला, दोन फोटो काढायचे आणि नंतर फोटो मोठा करून रिकाम्या खुर्च्या मोजायच्या. माणसं हलतात, उभी राहतात, पोरं मांडीवर असतात. रिकामी खुर्ची जागची हलत नाही. सव्वासातचा फोटो सांगतो किती आले, आठचा सांगतो किती टिकले. मागच्या वर्षीचे फोटोही त्याच पायरीवरून होते, म्हणून तुलना करता आली.

ध्वनियंत्रणेचा परिणाम आम्हाला याच आठच्या फोटोत दिसला. मागच्या वर्षीपर्यंत व्यासपीठाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर असत. पुढच्यांच्या कानठळ्या बसायच्या, मागे शाळेच्या भिंतीवरून आवाज परत यायचा आणि शब्द एकमेकांवर चढायचे. आवाज वाढवला की घोळ आणखी वाढायचा. या वेळी नऊ हजार जास्त देऊन मांडवाच्या मध्यावर आणखी दोन स्पीकर लावले. पण नुसते लावून भागत नाही. पुढच्या स्पीकरचा आवाज तीस मीटर मागे पोचायला साधारण सेकंदाचा अकरावा भाग लागतो, आणि तारेतून मधल्या स्पीकरला तो लगेच मिळतो. मागच्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मधल्या स्पीकरचा आवाज मिक्सरवरून तेवढाच उशिरा सोडावा लागतो. आमच्या ध्वनिवाल्या पोरानं ते टाळ्या वाजवून जुळवलं: व्यासपीठावर एक जण टाळी वाजवतोय, हा शेवटच्या रांगेत उभा राहून बोटानं आकडा वाढव-कमी कर म्हणून खुणावतोय, आणि दोन टाळ्यांची एक टाळी होईपर्यंत त्याला जेवायला बोलावूनही आला नाही. मागच्या वर्षी आठच्या फोटोत शेवटच्या चार रांगा जवळजवळ मोकळ्या होत्या. या वर्षी त्या भरलेल्या होत्या. अहवालात मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले आणि खाली फक्त तारीख-वेळ लिहिली.

फोटोंवरून एक गोष्ट. जिपेतून उतरणाऱ्या बायकांचा एक फार सुंदर फोटो होता, हसत्या चेहऱ्यांचा. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच घालायचा सगळ्यांचा आग्रह होता. मी फोटो घेऊन वाडीवर विचारायला गेले, तर दोघी नको म्हणाल्या. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्यामुळे मुखपृष्ठावर पाठमोऱ्या बायकांचा, मांडवाकडे चालत निघालेल्यांचा फोटो आला. देणगीदारानं पैसे दिले म्हणून प्रेक्षकांचे चेहरे आपण त्याला देऊ शकत नाही.

चित्रीकरणाचं काम फसलं. सात हजार ठरले होते, तिन्ही व्याख्यानं ध्वनिमुद्रित होऊन शाळांना द्यायची होती. चित्रीकरण करणाऱ्यानं तिसऱ्या दिवशी मिक्सरमधून आवाजाची तार घेतलीच नाही, कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबला. वारा होता, मांडवाचं कापड फडफडत होतं आणि चित्रफितीत तेवढंच ऐकू येतं. पहिल्या दिवसाचंही अर्धं असंच निघालं. निम्मे पैसे, साडेतीन हजार, देऊन विषय मिटवला. अहवालात हे चार ओळींत लिहिलं: काय ठरलं होतं, काय मिळालं, किती दिले, आणि शाळांना आता फक्त दुसऱ्या दिवसाचं व्याख्यान देता येईल.

खरा पेच मानधनाचा होता. पुण्याहून आलेल्या वक्त्यांना मानधन आणि प्रवास मिळून वीस हजार द्यायचे होते. त्यांनी व्हाउचरवर सही केली, पाकीट घेतलं आणि समारोपाच्या वेळी त्यातले पाच हजार काढून “हे वाचनालयाला” म्हणून माझ्या हातात ठेवले. खजिनदार म्हणाले, अण्णांचे पाच हजार वाचले. पण वाचले नव्हते. पैसे वक्त्यांना दिले गेले, ते त्यांचे झाले आणि त्यांच्या खिशातून वाचनालयाला आले. ती त्यांची देणगी. पावती त्यांच्या नावानं फाडली. त्यांनी आधीच पंधरा हजारच घेतो म्हटलं असतं तर ती अण्णांच्या रकमेत बचत झाली असती. दोन्हींत पेटीत राहणारी रक्कम तीच, पण अहवालात एकाचा मोठेपणा दुसऱ्याच्या खात्यावर जाऊन चालत नाही. अण्णांच्या अहवालात मानधन-प्रवास पूर्ण वीस हजार खर्ची पडले आणि खाली एक टीप आली.

उरली पुस्तकं. प्रत्येक व्याख्यानाच्या विषयावरची पुस्तकं घ्यायची, असं ठरलं होतं: पाणी आणि उपसा सिंचन, स्त्रियांचं आरोग्य, लोककला. सूट वजा जाता २०,८६० रुपयांत ९४ पुस्तकं आली. इथे अहवालाचं काम सोपं असतं, कारण वाचनालयाची दाखल नोंदवही प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देते. आमची ती पुस्तकं १८,४१२ पासून १८,५०५ पर्यंत. अहवालाला त्या पानांच्या छायाप्रती जोडल्या. कुणालाही कपाटासमोर उभं राहून क्रमांक ताडून बघता येतात. पण पुस्तकं आली म्हणजे वाचली गेली असं होत नाही. म्हणून एप्रिल संपेपर्यंत थांबले आणि ग्रंथपालांना देवघेव नोंदीतून प्रत्येक क्रमांक किती वेळा बाहेर गेला ते काढायला सांगितलं. ९४ पैकी ६१ एकदा तरी घरी गेली होती. ३३ जागची हलली नव्हती, आणि त्यांतली बरीचशी लोककलेवरची जाडजूड, संशोधनपर पुस्तकं होती. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी ज्या गावांत पोचलंय किंवा पोचायचंय, तिथे पाण्याच्या पुस्तकांना रांग लागावी यात नवल नव्हतं. हे दोन्ही आकडे अहवालात गेले.

खर्चाचं पान असं होतं. गाड्या १९,५००, ध्वनियंत्रणा ९,०००, मानधन आणि प्रवास २०,०००, पुस्तकं २०,८६०, चित्रीकरण ३,५००. एकूण ७२,८६०. शिल्लक २,१४०. प्रत्येक आकड्यापुढे मंजूर रक्कम, प्रत्यक्ष रक्कम आणि बिलाचा क्रमांक. शिलकीखाली तीन पर्याय लिहिले: परत करावी, पुढच्या वर्षाच्या गाड्यांसाठी ठेवावी, किंवा वाडीवर फिरत्या पेटीतल्या पुस्तकांसाठी वापरावी. कुठलाही पर्याय आम्ही आधी ठरवला नव्हता. उरलेले पैसे परस्पर कुठेतरी ‘जिरवून’ शून्य शिल्लक दाखवण्याची पद्धत सर्रास आहे. ज्याचा सगळा जन्म सौद्यात गेलाय त्याला अशी गोल बेरीज दिसली की तो आधी तिथेच बोट ठेवतो.

अण्णांनी माझ्यासमोर अहवाल वाचला. मुखपृष्ठ उलटून सरळ खर्चाच्या पानावर गेले, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरला, ओठ हलवत बेरीज केली. मग गाड्यांच्या ओळीवर अडले. “चार जिपा, तीन रात्री, पंधराशेनं अठरा हजार हुत्यात. हे दीड हजार जादाचं?” मी खालची टीप दाखवली, फोनची तारीख दाखवली. “व्हय, व्हय, म्या सांगितलेलं.” पुस्तकांच्या पानावर मात्र बराच वेळ थांबले. न गेलेल्या ३३ पुस्तकांची यादी मी शेवटी जोडली होती, ती त्यांनी वाचून काढली आणि विचारलं, ही निवडली कुणी? मी वक्त्यांचं नाव सांगितलं. “पुढल्या वक्ताला ग्रंथपालास्नी इचारा, त्यांना ठावं आसतंय कोण काय नेतं.” हे आम्हाला समितीच्या बैठकीत सुचलं नव्हतं.

८०जीचं काम मे महिन्यात झालं. मार्चअखेर संपलेल्या वर्षातल्या देणग्यांचं विवरण, फॉर्म १०बीडी, संस्थेनं ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि त्यावरून देणगीदाराचं प्रमाणपत्र, १०बीई, निघतं. आपली छापील पावती कितीही देखणी असली तरी हे विवरण भरलं नाही तर देणगीदाराच्या सवलतीला आधार राहत नाही. त्यात पॅन क्रमांकाचं एक अक्षर चुकलं तरी दुरुस्तीचा खटाटोप, म्हणून पॅनकार्डाची प्रत पावतीच्या वेळीच घेतलेली होती. प्रमाणपत्रावर पंच्याहत्तर हजार आले. पत्रिकेतल्या जाहिरातीचे दोन हजार त्यात नाहीत, हे मुलालाही दाखवलं.

शिलकीसाठी अण्णांनी तिसरा पर्याय निवडला. त्यांच्या बागेच्या वाडीवर पेटी ठेवायची, दर महिन्याला पुस्तकं बदलायची, आणि किल्ली अंगणवाडीच्या ताईंकडे. २,१४० ही रक्कम त्यांना अडनिडी वाटली, म्हणून आणखी ८६० घालून त्यांनी तीन हजार पुरे केले. हे ८६० मे महिन्यात आले, त्यामुळे त्यांची पावती नव्या आर्थिक वर्षाच्या पुस्तकातून फाडली आणि विवरणात त्यांची नोंद पुढच्या मेमध्ये जाईल, हे पावतीच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवलं.